वाटाण्याचा एक साधा संकर आणि मेंडेलचे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरे एकाच संकराभोवती आहेत: उंच झाड आणि सुरकुतलेला दाणा असलेला वाटाणा ही आई, बुटके झाड आणि गोल दाणा असलेला वाटाणा हा बाप. हवे आहे ते बुटके झाड आणि सुरकुतलेला दाणा. एका प्रश्नात सांगितलेले दुसऱ्यात पुन्हा सांगितलेले नाही, तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. या संकरात नेमकी किती जनुके मोजायची, आणि ती कशी लिहायची?

दोनच. दाण्याच्या आकाराचे जनुक R आणि झाडाच्या उंचीचे जनुक T. (वाटाण्याच्या जनुकांच्या यादीत उंचीच्या जनुकाला Le म्हणतात. वहीत T लिहिलेले वाचायला सोपे जाते, म्हणून इथे T.) प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. प्रतीच्या वेगवेगळ्या रूपांना अलील म्हणतात. मोठे अक्षर प्रभावी अलीलासाठी, छोटे अप्रभावीसाठी.

आई `TT rr`, बाप `tt RR`. दोन्ही वाण अनेक पिढ्या स्वपरागणाने वाढवलेले आहेत, म्हणून दोन्ही जनुकांच्या बाबतीत शुद्ध, म्हणजे समयुग्मजी, धरले आहेत. आईच्या पराग आणि बीजांडात फक्त `Tr`, बापाच्यात फक्त `tR`. दोन्ही एकत्र आले की एफ१ पिढी: `Tt Rr`, सगळी झाडे उंच आणि सगळे दाणे गोल.

२. प्रभावी म्हणजे जास्त चांगला किंवा जास्त आढळणारा गुण का?

नाही, दोन्हीपैकी काहीच नाही. `Rr` मध्ये जो दिसतो तो प्रभावी, एवढाच अर्थ. कारण बघितले की हे पक्के बसते. R अलील स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणारे एक एन्झाइम तयार करायला लावते. r मध्ये डीएनएचा एक जादा तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे ते एन्झाइम नीट तयार होत नाही. मग स्टार्च कमी बनतो, साखर साठून राहते, साखरेमुळे कोवळा दाणा जास्त पाणी ओढतो, आणि वाळताना तेवढेच जास्त पाणी जाऊन सालीला सुरकुत्या पडतात. `Rr` मध्ये R ची एकच प्रत असली तरी दाणा गोल राहण्यापुरते एन्झाइम मिळते.

उंचीचेही तसेच. T अलील जिबरेलिन या संप्रेरकाच्या निर्मितीतली शेवटची पायरी पार पाडते. t मुळे ती पायरी अडते आणि पेरे आखूड राहतात. खाण्याच्या दृष्टीने गोड दाणा आणि आधार न लागणारे झाड, म्हणजे आपल्याला हवे असलेले दोन्ही गुण, इथे अप्रभावी आहेत.

३. आई कोणाला करायचे आणि बाप कोणाला? मेंडेलच्या मते तर फरक पडत नाही ना?

गुणोत्तरात फरक पडत नाही. कामात मात्र मोठा फरक पडतो.

वाटाणा स्वतःच स्वतःचे परागण करतो. पुंकेसर काढताना एखादा परागकोश राहून गेला, तर शेंगेत संकरित नसलेले दाणे येतात. ते ओळखायचे कसे? आई सुरकुतलेल्या दाण्याची (`rr`) असेल, तर तिच्या स्वतःच्या परागाने तयार झालेला दाणा सुरकुतलेलाच असणार. गोल दाणा दिसला तर तो बाहेरून आलेल्या R मुळेच. म्हणजे शेंग वाळली की दाणे पाहूनच खरे संकरित दाणे निवडता येतात, पेरायचीही गरज नाही.

उलटा संकर केला (बुटके-गोल आई, उंच-सुरकुतलेला बाप) तर शेंगेत सगळे दाणे गोलच दिसतील, संकरित असो वा नसो. तरी मार्ग आहे: पेरल्यावर जी झाडे उंच निघतील ती संकरित, बुटकी राहतील ती आईची स्वपरागित. फक्त उत्तर पुढच्या हंगामात मिळते आणि तोवर खोटी रोपे जागा खातात. म्हणून सवयच लावून घ्यावी: शक्य असेल तेव्हा ज्या पालकात लवकर दिसणारा अप्रभावी गुण आहे त्याला आई करा.

४. प्रत्यक्ष संकर कसा करायचा? कळी उघडायच्या आतच का?

कारण वाटाण्याचे परागकोश फूल उमलण्याच्या साधारण एक दिवस आधीच, बंद कळीत, फुटतात. पांढरीशुभ्र, पाकळ्या पसरलेली फुले आईसाठी निवडणे ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. त्यांचे परागण आधीच उरकलेले असते.

आईच्या झाडावर अशी कळी घ्या जिच्या पाकळ्या पाच निदलांच्या बाहेर जेमतेम डोकावत आहेत आणि अजून हिरवट आहेत. एका पेऱ्यावर दोन कळ्या असतील तर दुसरी खुडून टाका. कळी दोन बोटांत हलकेच धरा, मोठी पाकळी म्हणजे ध्वजक मागे वाकवा, बाजूचे दोन पंख बाजूला करा. मग होडीसारखी दिसणारी पाकळी, नौतल, समोर येते. सगळे आतच दडलेले असते. बारीक टोकाच्या चिमट्याने नौतलाची कड चिरा. आत दहा पुंकेसर असतात, नऊ एकमेकांना जोडलेले आणि एक सुटा. एकेक परागकोश ओढून काढा आणि मोजा. नऊच मोजले असतील तर दहावा शोधा. परागकोश फिकट हिरवे आणि घट्ट असावेत. पिवळी भुकटी दिसली तर ती कळी सोडून द्या.

आता बापाच्या झाडावरचे नुकते उमललेले फूल घ्या. त्याच्या पाकळ्या काढल्या की आतल्या कुक्षीखालच्या केसाळ भागाला भरपूर पराग चिकटलेला दिसतो. हा भागच कुंचल्यासारखा वापरून आईच्या कुक्षीवर पराग लावा. कळीतली कुक्षी या अवस्थेत पराग स्वीकारते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची गरज नाही. पाकळ्या परत मिटवून घ्या, म्हणजे कुक्षी वाळणार नाही. देठाला चिठ्ठी बांधा: आई × बाप, तारीख. पुढच्या संकराआधी चिमटा अल्कोहोलमध्ये बुडवून पूर्ण कोरडा होऊ द्या. ओला चिमटा नवीन पराग मारतो.

तीन-चार दिवसांत छोटी शेंग लांबायला लागली तर जमले. कळी पिवळी पडून गळाली तर बहुतेक वेळा अंडाशयाला चिमट्याचे टोक लागलेले असते. शिकताना निम्म्या कळ्या गळतात हे धरूनच दहा-बारा कळ्या घ्या.

५. एफ१ झाडाच्या शेंगेतला दाणा एफ१ की एफ२?

एफ२. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून सावकाश बघू.

दाणा ही पुढच्या पिढीच्या रोपाची सुरुवात आहे. आतली दोन दाळी बाळ-रोपाचीच पाने आहेत. म्हणून दाण्याचा आकार हा त्या बाळ-रोपाचा गुण आहे, ज्या झाडावर शेंग लागली त्याचा नाही. आईच्या झाडावर, आपण केलेल्या संकरातून आलेल्या दाण्याचे जनुक `Tt Rr`, म्हणजे तो दाणा एफ१. तो पेरला, झाड आले, त्याला आपोआप स्वपरागणाने शेंगा लागल्या. त्या शेंगांतले दाणे एफ२. म्हणून एफ१ झाडाच्या एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

उंची मात्र दाण्यात दिसत नाही. एफ२ दाण्याची उंची कळायला तो पेरून झाड वाढवावे लागते. त्यामुळे एकाच पिढीतला दाण्याचा गुण एक हंगाम आधी कळतो आणि झाडाचा गुण नंतर.

दाण्याचे साल हा तिसरा प्रकार. ते आईच्या ऊतीपासून बनते, म्हणून सालीचा रंग नेहमी शेंग धरणाऱ्या झाडाचा असतो. एका झाडावरच्या सगळ्या दाण्यांची साल एकाच रंगाची, आतली दाळ मात्र वेगवेगळी, असे त्यामुळेच होते.

६. एफ२ मध्ये ९:३:३:१ कुठून येते?

आधी एकेक जनुक पाहा. `Rr` झाडाच्या अर्ध्या परागांत R, अर्ध्यांत r. बीजांडांतही तसेच. दोन्हीकडून r येण्याची शक्यता १/२ × १/२ = १/४. म्हणून सुरकुतलेले १/४, गोल ३/४. उंचीतही बुटकी १/४, उंच ३/४.

दोन जनुके एकमेकांपासून स्वतंत्र वाटली जात असतील तर शक्यतांचा गुणाकार करायचा. वाटाण्यात R आणि T वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, त्यामुळे इथे ते खरे आहे.

```
उंच-गोल          3/4 × 3/4 = 9/16
उंच-सुरकुतलेला   3/4 × 1/4 = 3/16
बुटका-गोल        1/4 × 3/4 = 3/16
बुटका-सुरकुतलेला 1/4 × 1/4 = 1/16
```

सोळा घरांचा चौकोन काढायला हरकत नाही, पण तीन जनुके आली की त्याची चौसष्ट घरे होतात. गुणाकाराची सवय लावून घेतलेली बरी.

७. १/१६ मिळवायचे तर किती दाणे पेरायचे? सोळा पुरतील?

सोळा पेरले तर एकही बुटका-सुरकुतलेला न मिळण्याची शक्यता (१५/१६) चा सोळावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. तीनातल्या एका वेळी हात रिकामेच. निदान एक तरी मिळेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ४७ झाडे लागतात, ९९ टक्के हवी तर ७२.

पण आपल्या संकरात एवढी पेरायची गरजच नाही. दाण्याचा आकार आधी कळतो हे प्रश्न ५ मध्ये आले आहे. एफ१ झाडांचे दाणे वाळवा, गोल बाजूला ठेवा, फक्त सुरकुतलेले पेरा. आता त्यांच्यात बुटके १/४ आहेत. ९५ टक्के खात्रीसाठी ११ झाडे पुरतात, ९९ टक्क्यांसाठी १७.

ही झाडे उगवलेली धरायची, पेरलेले दाणे नव्हे. सुरकुतलेला वाटाणा थंड, ओल्या जमिनीत गोल वाटाण्यापेक्षा जास्त कुजतो, म्हणून ११ झाडांसाठी १५-१६ दाणे टाका.

८. माझे आकडे ३:१ आले नाहीत. प्रयोग चुकला का?

लगेच तसे म्हणू नका. मेंडेलला स्वतःला ७,३२४ दाण्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले मिळाले, म्हणजे २.९६:१. उंचीत ७८७ उंच आणि २७७ बुटकी, २.८४:१. फरक नशिबाचा आहे की काही बिघडले आहे हे काय-वर्ग चाचणीने ठरवायचे.

समजा चार एफ१ झाडांपासून १६० दाणे मिळाले: ११२ गोल, ४८ सुरकुतलेले. ३:१ प्रमाणे अपेक्षा १२० आणि ४०.

```
(112-120)²/120 + (48-40)²/40 = 0.53 + 1.60 = 2.13
```

दोन गट आहेत, म्हणून स्वातंत्र्याची मात्रा १, आणि ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४. २.१३ तिच्या आत आहे, म्हणजे ३:१ नाकारायला कारण नाही. ती चाचणी टक्केवारीवर किंवा गुणोत्तरावर करू नका, प्रत्यक्ष मोजलेल्या दाण्यांवरच करा. ७०:३० टक्के हे १० दाण्यांतूनही येते आणि १,००० दाण्यांतूनही, पण दुसऱ्या वेळी त्याचा अर्थ पार वेगळा होतो: १,००० मध्ये ७००:३०० आले तर काय-वर्ग १३.३ येतो आणि ३:१ टिकत नाही.

मर्यादा ओलांडली तर आधी दाणे परत तपासा (प्रश्न १२), मग प्रत्येक झाडाचे आकडे वेगवेगळे लिहा. एकाच झाडाचे सगळे दाणे सुरकुतलेले असतील तर ते एफ१ नव्हतेच, आईचे स्वपरागित झाड चुकून मिसळले होते.

९. एका शेंगेत सहा दाणे, सहाही गोल. हे झाड एफ१ नाही का?

एका शेंगेवरून काहीच ठरत नाही. (३/४) चा सहावा घात सुमारे ०.१८, म्हणजे साधारण साडेपाच शेंगांतली एक अशी निघणारच. झाडाच्या सगळ्या शेंगा एकत्र मोजा.

१०. बुटके-सुरकुतलेले झाड मिळाले. आता नवीन वाण तयार झाला का?

त्या दोन गुणांपुरता हो. `tt rr` मध्ये दडायला दुसरे अलीलच नाही, त्यामुळे त्याची संतती पहिल्याच पिढीपासून बुटकी आणि सुरकुतलेलीच राहील. अप्रभावी गुण शोधायला कठीण, पण सापडला की स्थिर.

बाकीचे गुण मात्र अजून मोकळे आहेत. दोन्ही पालकांत ज्या ज्या जनुकांत फरक होता (फुलोऱ्याचा दिवस, शेंगेची लांबी, दाण्याचे वजन) त्यांपैकी एफ२ झाडात सरासरी निम्मी विषमयुग्मजी असतात. प्रत्येक स्वपरागणाने हे प्रमाण निम्मे होते: एफ३ मध्ये २५ टक्के, एफ४ मध्ये १२.५, एफ५ मध्ये ६.२५, एफ६ मध्ये सुमारे ३. म्हणून निवडलेल्या प्रत्येक झाडाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरत एफ६ पर्यंत जातात. याच कारणाने एकच बुटके-सुरकुतलेले झाड मिळाल्यावर थांबणे शहाणपणाचे नाही. दहा-पंधरा मिळाली तर त्यांच्यातून निवडायला काही उरते.

११. आणि बुटके-गोल हवे असते तर?

तर काम जास्त. बुटक्या-गोल एफ२ झाडांत एक-तृतीयांश `tt RR` आणि दोन-तृतीयांश `tt Rr`. दिसायला सारखीच. फरक पुढच्या पिढीत, म्हणजे त्याच झाडावरच्या शेंगांतल्या एफ३ दाण्यांत दिसतो: एक जरी सुरकुतलेला निघाला तरी झाड `Rr`. चाचणी संकर, म्हणजे `rr` शी संकर करून १:१ पाहणे, हाही मार्ग आहे. पण स्वपरागण करणाऱ्या पिकात झाडाचे स्वतःचे दाणे फुकट हातात असताना चिमटा घेऊन बसायचे कशाला?

किती दाणे पाहायचे? `Rr` झाडाच्या १० दाण्यांत एकही सुरकुतलेला न येण्याची शक्यता ५.६ टक्के आहे. मेंडेलने उंचीसाठी नेमके हेच केले होते: १०० उंच एफ२ झाडांपासून प्रत्येकी १० झाडे वाढवली, त्यातली २८ शुद्ध आणि ७२ विभागणारी ठरवली. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ मध्ये दाखवले की या पद्धतीत काही विषमयुग्मजी झाडे चुकून शुद्ध धरली जाणारच, त्यामुळे अपेक्षा नेमकी १:२ ची नसते. तुम्ही १७ दाणे पाहिलेत तर ही चूक १ टक्क्याच्या खाली येते. पूर्ण झाडाचे ३०-४० दाणे पाहायला मिळत असतील तर १७ वर का थांबावे?

१२. काही दाणे धड गोल नाहीत, धड सुरकुतलेले नाहीत. कुठे टाकू?

आधी ते पूर्ण वाळले आहेत का बघा. हिरव्या दाण्यात दोन्ही प्रकार गोलच दिसतात. त्याउलट कोवळी तोडलेली शेंग वाळवली तर `RR` दाणासुद्धा आकसतो. म्हणून शेंगा झाडावरच पिवळ्या, खडखडीत होऊ द्या. शेंगेत दाटीने बसलेल्या दाण्याला शेजारच्यामुळे एक-दोन चपट्या बाजू किंवा खळगा पडतो, ती सुरकुती नव्हे. खऱ्या सुरकुत्या सगळ्या बाजूंनी असतात. किडीने पोखरलेले दाणे मोजणीतून काढून टाका आणि किती काढले ते लिहा.

तरीही शंका राहिली तर सूक्ष्मदर्शक निकाल लावतो. दाण्याचा कोरडा भाग किंचित खरवडून पाण्याच्या थेंबात घ्या, आयोडीनचे पातळ द्रावण लावा. `RR` मध्ये स्टार्चचे कण मोठे, लांबट-गोल आणि एकसंध दिसतात, `rr` मध्ये लहान आणि चिरलेले, जणू तुकडे जोडून केलेले. गंमत म्हणजे `Rr` चे कण मधल्या रूपाचे असतात. म्हणजे बाहेरून पूर्ण प्रभावी दिसणारे R अलील स्टार्चच्या कणांत अपूर्ण प्रभावी आहे. प्रभाव हा अलीलाचा पक्का शिक्का नाही, तुम्ही कोणत्या पातळीवर बघता त्यावर तो अवलंबून आहे.

१३. दोन सुरकुतलेल्या वाणांचा संकर केला आणि सगळे दाणे गोल आले! हे कसे शक्य आहे?

शक्य आहे, कारण सुरकुत्या पाडणारे जनुक एकच नाही. rb हे दुसरे जनुक स्टार्च बनण्याच्या वेगळ्या पायरीवर अडथळा आणते. एक वाण `rr RbRb` आणि दुसरा `RR rbrb` असेल तर एफ१ मध्ये `Rr Rbrb`, दोन्ही पायऱ्या चालू, दाणा गोल. एफ२ मध्ये गोल दिसायला R आणि Rb दोन्ही लागतात, म्हणून ९ गोल आणि ७ सुरकुतलेले. मेंडेलचा नियम मोडलेला नाही, ९:३:३:१ मधले शेवटचे तीन गट एकसारखे दिसतात इतकेच. म्हणूनच बी घेताना सुरकुतलेला दाणा म्हटले की r च असेल असे गृहीत धरू नका.

१४. स्वतंत्र वाटपाचा नियम कुठे चालत नाही?

दोन जनुके एकाच गुणसूत्रावर जवळ असतील तिथे. वाटाण्यातच उदाहरण आहे: उंचीचे T आणि शेंग फुगीर की आवळलेली हे ठरवणारे V एकाच गुणसूत्रावर, बऱ्यापैकी जवळ आहेत. समजा पालक `TT vv` आणि `tt VV` आहेत, आणि दोन्हींमध्ये १२ टक्के पुनर्संयोजन आहे, म्हणजे शंभरातल्या १२ परागांत किंवा बीजांडांत पालकांपेक्षा वेगळी जोडी येते, निम्म्यांत `TV` आणि निम्म्यांत `tv`. मग `tv` असे युग्मक फक्त ६ टक्के, आणि `tt vv` झाड ०.०६ × ०.०६ = ०.००३६, म्हणजे सुमारे २७८ झाडांत एक. स्वतंत्र असते तर सोळात एक मिळाले असते.

ओळखायचे कसे? एकेका गुणाचे ३:१ व्यवस्थित येते, पण दोन्ही एकत्र मोजल्यावर पालकांसारखे गट फुगलेले आणि नवे गट, त्यातही दुहेरी अप्रभावी, जवळजवळ गायब. असे दिसले तर जास्त झाडे लावा. किंवा एफ२ मध्ये `tt Vv` मिळालेले झाड ओळखून पुढच्या पिढीत निवड करा: एफ२ मधली बुटकी झाडे वेगळी ठेवा, त्यांच्यापैकी कोणाच्या संततीत आवळलेली शेंग निघते ते पाहा. असे एक झाड मिळाले की पुढचे काम पुन्हा साध्या १/४ चे होते.